ठेचलेला लसूण, ॲस्पिरिन आणि बाबांची दाढ

*बाबा ६९ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, तेव्हापासून ॲस्पिरिन ७५ चालू आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन अख्ख्या पाकळ्या पाण्याबरोबर गिळतात. परवा भाऊ म्हणाला, अख्ख्या गिळून काही उपयोग नाही, ठेचून दहा मिनिटं ठेवल्या की त्यात रक्त पातळ करणारं ॲलिसिन तयार होतं. आईला तो वास सहन होत नाही, ती म्हणते आधी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू आणि मग ठेचू. बारा दिवसांनी बाबांची दाढ काढायची आहे. ठेचल्यानं असं होतं तरी काय? आणि बाबांनी ठेचून खावा का?*
*— एक मुलगी*

दाढ निघून जखम भरेपर्यंत तरी ठेचून देऊ नका. भावाचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, आणि बरोबर आहे म्हणूनच मी नको म्हणते आहे.

आज संध्याकाळी एक गंमत करून बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एक ताजी पाकळी अलगद सोला. नखं लागू देऊ नका. ती नाकाशी धरा. फारसा वास येणार नाही, आला तरी सालीचा किंवा तुमच्या बोटांचा असेल. आता सुरीनं एकदाच आडवी कापा, मनात दहापर्यंत मोजा आणि पुन्हा हुंगा. मग तीच पाकळी खलबत्त्यात घालून चांगली ठेचा. डोळ्यांत पाणी येईल असा उग्र दर्प सुटेल. पाकळी तीच, वजन तेच, बाहेरून काही घातलेलं नाही. मघाशी जे नव्हतं ते आत्ता आलं कुठून?

रसायनशास्त्रज्ञांनाही या प्रश्नानं काही वर्षं चकवलं होतं. १९४४ मध्ये चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी लसणातून उग्र वासाचा, जंतू मारणारा एक तेलकट पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ॲलिसिन हे नाव दिलं. तेव्हा तो लसणात आधीपासून असतो असं धरून चालणं सोपं होतं. मग बाझेलमध्ये आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी त्याच दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं, की अख्ख्या पाकळीत असतं ते दुसरंच काही. बिनवासाची, पांढरी, पाण्यात सहज विरघळणारी एक वस्तू. तिला त्यांनी ॲलिईन म्हटलं. ॲलिसिन हे ॲलिईनपासून बनतं, आणि बनतं ते पाकळी फुटल्यावरच.

पाकळीच्या आत दोन वेगळ्या खोल्या आहेत असं समजा. पाकळीचा जो गर आपण खातो त्याच्या पेशींमध्ये ॲलिईन साठवलेलं असतं. गरातून बारीक शिरा गेलेल्या असतात, आणि त्या शिरांभोवती पेशींचं एक वेष्टण असतं. त्या वेष्टणातल्या पेशींच्या पाणथळ पिशव्यांमध्ये ॲलिनेज नावाचं एन्झाइम कोंडलेलं असतं. हे एन्झाइम थोडंथोडकं नसतं. पाकळीतल्या एकूण प्रथिनांचा जवळजवळ दहावा हिस्सा तेच असतं. दारूगोळा एका खोलीत आणि काडेपेटी दुसऱ्या खोलीत. किड्यानं चावा घेतला, बुरशी आत शिरली किंवा आपण बत्ता मारला, की मधल्या भिंती फुटतात आणि दोघांची गाठ पडते. झाडाच्या दृष्टीनं हा कुरतडणाऱ्याला दिलेला दणका आहे. आपल्या तब्येतीचा विचार त्यानं केलेला नाही.

गाठ पडल्यावर ॲलिनेज ॲलिईनच्या रेणूला धरतं आणि त्यातल्या गंधकाशी जोडलेला एक बंध कापतं. रेणूचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पायरुव्हिक आम्ल आणि अमोनिया होऊन बाजूला पडतो, त्याची आपल्याला गरज नाही. दुसऱ्या तुकड्यात गंधक असतो. तो इतका अस्वस्थ असतो की एकटा राहू शकत नाही. शेजारी तसाच दुसरा तुकडा भेटला की दोघं जोडले जातात, मधून पाण्याचा एक रेणू निसटतो, आणि तयार होतो ॲलिसिनचा रेणू. म्हणजे ॲलिईनच्या दोन रेणूंमागे ॲलिसिनचा एक. कांद्यातही असाच खेळ चालतो, फक्त तिथला गंधकाचा तुकडा जरा वेगळा असतो आणि एक जादा एन्झाइम त्याला पकडून डोळ्यांत पाणी आणणारा वायू बनवतं. लसणात तो वायू बनत नाही.

या सगळ्याला वेळ किती लागतो? नीट ठेचलेल्या पाकळीत, खोलीच्या तापमानाला, बहुतेक काम एका मिनिटाच्या आत उरकतं. भावाच्या दहा मिनिटांना आधार आहे, पण तो स्वयंपाकातला. ठेचलेला लसूण पुढे तापवायचा असेल, तर उष्णता लागण्याआधी एन्झाइमला आपलं काम पुरं करू द्यावं, म्हणून थांबायचं. कच्चाच खायचा असेल तर दहा मिनिटं वाट बघून पदरात जास्तीचं काही पडत नाही. पाकळीचे नुसते चार तुकडे केले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सुरी जिथून गेली त्या पृष्ठभागापुरत्याच पेशी फुटलेल्या असतात, आतल्या खोल्यांची दारं बंदच राहतात. म्हणून कापलेला, बारीक चिरलेला आणि ठेचलेला लसूण असे तीन वेगळे लसूण धरायचे.

आता बाबांच्या दोन पाकळ्यांचा हिशेब मांडू. मध्यम पाकळी साधारण ४ ग्रॅमची, म्हणजे दोन मिळून ८ ग्रॅम. ताज्या लसणात ॲलिईन वजनाच्या सुमारे एक टक्का असतं. जातीनुसार आणि साठवणीनुसार कमी-जास्त होतं, पण हिशेबाला एक टक्का चालेल. ८ ग्रॅममध्ये ते ८० मिलिग्रॅम झालं. दोन रेणूंमागे एक रेणू, शिवाय काही तुकडे वाया जातात, हे धरलं तर ८० मिलिग्रॅम ॲलिईनमधून फार तर ३५ मिलिग्रॅम ॲलिसिन निघेल. ही झाली नीट ठेचलेल्या दोन पाकळ्यांची कमाल मर्यादा. अख्ख्या गिळलेल्या दोन पाकळ्यांचा आकडा शून्याच्या जवळ जातो, कारण पोटात शिरताना त्या फुटलेल्याच नसतात. जठरातलं आम्ल पाकळीत झिरपतं तेव्हा ॲलिनेजचा निकाल लागतो. पीएच साडेतीनच्या खाली गेला की हे एन्झाइम कायमचं मोडतं, पुढे आतड्यात आम्ल कमी झालं तरी ते परत उठत नाही. ॲलिईन शाबूत राहतं, पण कापणारा हात गेलेला असतो. तेव्हा बाबांनी आजवर ज्या पाकळ्या गिळल्या, त्यांतून ॲलिसिन फारसं मिळालेलं नाही. दाढ काढायची आहे म्हटल्यावर ही चांगलीच बातमी म्हणायची.

आईंचा उपाय त्यांच्या नाकाला नक्की लागू पडेल. मायक्रोवेव्हमध्ये अख्खी पाकळी मिनिटभर ठेवली की ॲलिनेज शिजून निकामी होतं. नंतर कितीही ठेचा, दर्प येणार नाही, आणि वास नाही म्हणजे ॲलिसिनही नाही. लसणाच्या बाबतीत नाक हे फार भरवशाचं यंत्र आहे. मी औषधशास्त्राच्या प्रयोगवर्गात मुलांना हेच दाखवायचे. दोन वाट्या, एकीत आधी ठेचून मग तापवलेला लसूण, दुसरीत आधी तापवून मग ठेचलेला. डोळे बांधून ओळखा म्हटलं तरी कुणी चुकायचं नाही. एकदा मात्र मीच फसले. हात कमी लागावा म्हणून सोललेल्या पाकळ्या आदल्या रात्री व्हिनेगरमध्ये घालून ठेवल्या होत्या. सकाळी वर्गात ठेचल्या तर वास अगदी मिणमिणता. रात्रभर आम्ल आत मुरलं होतं, आणि बाबांच्या पोटात जे होतं ते माझ्या बरणीत झालं होतं.

हे फक्त वासापुरतं नाही, रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेटवरही मोजून झालेलं आहे. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो स्वयंपाकघरातल्या प्रश्नाला सरळ भिडतो. त्यांनी लसूण काही वेळा अख्खा, काही वेळा ठेचून तापवला, आणि त्याचा रस माणसाच्या प्लेटलेटमध्ये घालून त्या गोळा होतात का ते पाहिलं. उकळत्या पाण्यात किंवा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन मिनिटांपर्यंत काही बिघडलं नाही. सहा मिनिटांनंतर अख्ख्या पाकळ्यांचा प्रभाव पूर्ण गेला. आधी ठेचलेल्यांचा कमी झाला, पण उरला. दहा मिनिटांच्या पुढे दोन्हींत काहीच राहिलं नाही. आणि खरी मजा पुढे आहे. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अख्ख्या लसणाच्या रसात त्यांनी थोडा कच्चा रस मिसळला, तर गेलेला प्रभाव पूर्ण परत आला. म्हणजे मायक्रोवेव्हनं ॲलिईनला हात लावलेला नव्हता, फक्त एन्झाइम मारलं होतं. कच्च्या रसातलं थोडं एन्झाइम आलं आणि पडून असलेला सगळा माल त्यानं वापरात आणला.

आता प्लेटलेटकडे वळते. त्याआधी ‘रक्त पातळ होणं’ हा शब्दप्रयोग थोडा बाजूला ठेवू. सगळे वापरतात, मीही वापरते, पण ॲस्पिरिननं किंवा लसणानं रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. त्याचा दाटपणा तोच राहतो. बदलते ती प्लेटलेटची एकमेकींना चिकटण्याची तयारी.

प्लेटलेट म्हणजे रक्तात फिरणाऱ्या इवल्याशा चपट्या चकत्या. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख. त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य सात ते दहा दिवसांचं. रक्तवाहिनी फाटली की आतल्या भिंतीमागचं कोलॅजेन उघडं पडतं, आणि त्याला लागलेली प्लेटलेट खडबडून जागी होते. तिच्या आत कॅल्शियमची पातळी उसळते, चकतीला काटे फुटतात, आणि ती एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन अशी रसायनं बाहेर सोडून शेजारणींना हाका मारते. त्याच वेळी तिच्या अंगावरचे हुकासारखे, प्रथिनाचे आकडे उघडतात. एका प्लेटलेटवर असे सुमारे ८० हजार आकडे असतात आणि शांत असताना ते मिटलेले असतात. रक्तातलं फायब्रिनोजेन हे लांबट प्रथिन एका टोकानं एका प्लेटलेटच्या आकड्यात अडकतं, दुसऱ्या टोकानं दुसरीच्या. अशा हजारो पुलांनी प्लेटलेट एकमेकींना बांधल्या जातात आणि गुठळीचा पहिला गोळा तयार होतो.

ॲलिसिन या साखळीत कुठे अडथळा आणतं हे समजायला त्याचा स्वभाव कळायला हवा. ॲलिसिनच्या रेणूत गंधकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यातल्या एकावर ऑक्सिजन बसलेला असतो. त्यामुळे ही जोडी तुटायला टेकलेली असते. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजनची SH ही जोडगोळी असते, तिला थायॉल म्हणतात. ॲलिसिनला थायॉल दिसला की ते त्याच्यावर झडप घालतं, आपल्या अंगचा गंधकाचा तुकडा त्याला चिकटवून टाकतं. कच्चा लसूण जिभेला चरचरतो तो याच कारणानं. जिभेतल्या वेदना ओळखणाऱ्या एका प्रथिनाच्या सिस्टीनला ॲलिसिन असंच जाऊन चिकटतं आणि मज्जातंतू ‘आग लागली’ म्हणून ओरडतो. ठेचलेला लसूण कातडीवर तासभर बांधून ठेवणाऱ्यांना खरोखरीचे फोड येतात, तेही यातूनच. कृपा करून ते कुणी करू नका.

प्लेटलेटच्या अंगावर आणि आत थायॉल भरपूर असतात, आणि चिकटण्याच्या कामात ते निव्वळ शोभेचे नसतात. वर सांगितलेल्या आकड्याच्या एका भागातच ५६ सिस्टीन आहेत. मिटलेला आकडा उघडताना यातल्या काही गंधकांच्या जोड्या सुटतात, काही नव्यानं जुळतात. ही सोडजोड करणारी एन्झाइमं प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच असतात, आणि त्यांचं कामही थायॉलवरच चालतं. ॲलिसिन लहान आणि स्निग्ध स्वभावाचं असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आरपार जातं आणि आतल्या थायॉलनाही गाठतं. परिणामी आत कॅल्शियमची उसळी नीट येत नाही आणि बाहेर आकडे नीट उघडत नाहीत. फायब्रिनोजेन समोर असतं, पण पूल बांधायला पक्की जागा मिळत नाही. त्यामुळे ॲलिसिन अमुक एकाच जागेवर घाव घालतं असं बोट ठेवून सांगता येत नाही, कारण ते निवड करतच नाही. थायॉल दिसेल तिथे चिकटतं.

ॲस्पिरिनशी त्याचा फरक इथेच आहे, आणि बाबांसाठी तो महत्त्वाचा आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या एकाच एन्झाइमला, कॉक्स-१ ला, कायमचं कुलूप लावतं. त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेन बनत नाही, म्हणजे शेजारणींना घालायची हाक बंद पडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून ते कुलूप तिच्या उरलेल्या आयुष्यभर तसंच राहतं. ॲलिसिनवर १९८८ मध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ते प्लेटलेटना गोळा होण्यापासून रोखतं, पण कॉक्सला किंवा थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या एन्झाइमला धक्का लावत नाही. एक हाक बंद करतं, दुसरं हात धरू देत नाही. दोन वेगळ्या जागी दोन अडथळे पडले की त्यांची बेरीज होऊ शकते. ॲस्पिरिन घेणाऱ्यानं ‘लसूण तर काय, नैसर्गिकच’ म्हणून ठेचलेल्या पाकळ्यांचा डोस वाढवू नये, ते या बेरजेमुळे.

हे सगळं दिसतं कसं, तेही सांगते, कारण एकदा पाहिलं की विसरत नाही. रक्त हळू गतीनं फिरवून तांबड्या पेशी खाली बसवायच्या. वर जो पिवळसर, धुकट द्रव राहतो त्यात प्लेटलेट तरंगत असतात. तो छोट्या नळीत ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा आणि आरपार प्रकाश सोडायचा. ही पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये आणली, आजही वापरात आहे. त्यात एडीपीचा थेंब टाकला की प्लेटलेट भराभर गोळा होतात, धुकं विरतं, मधून प्रकाश जास्त जाऊ लागतो आणि कागदावरची रेघ झरझर वर चढते. नुसत्या डोळ्यांनाही दिसतं, धुकट नळीत पांढरे कण गरगरू लागतात. आधी ताज्या ठेचलेल्या लसणाचा गाळलेला रस पुरेसा घातलेला असेल, तर एडीपी टाकूनही नळी धुकटच राहते. रेघ जरा हलते आणि आडवीच पुढे जाते.

पण नळी म्हणजे माणूस नव्हे, आणि भावाचं गणित नेमकं इथे फसतं. नळीत ॲलिसिनला प्लेटलेट थेट भेटतात. शरीरात त्याला आधी तोंड, जठर, आतड्याची भिंत, यकृत आणि मग रक्त एवढं सगळं ओलांडायचं असतं, आणि वाटेत सगळीकडे थायॉलच थायॉल. एकट्या तांबड्या पेशींमध्येच ग्लुटाथायोन नावाचा थायॉलवाला रेणू ठासून भरलेला असतो. ताज्या रक्तात ॲलिसिन मिसळलं तर ते काही मिनिटांत नाहीसं होतं. भरपूर कच्चा लसूण खाल्लेल्या माणसाच्या रक्तात ॲलिसिन म्हणून ते सापडत नाही. सापडतात त्याचे वंशज. त्यातला एक, ॲलिल मिथाइल सल्फाइड, फुप्फुसातून श्वासात उतरतो आणि तासन्तास जात नाही. म्हणून दात घासले, वेलची चघळली, तरी लसणाचा वास तोंडाला राहतोच. तो तोंडातून येतच नसतो, रक्तातून येत असतो.

वंशजांमध्ये काही कामाचेही आहेत. ठेचलेला लसूण तेलात ठेवला की ॲलिसिन पाण्यातल्यापेक्षा फार लवकर मोडतं आणि त्यातून अजोईन बनतं. १९८४ मध्ये एरिक ब्लॉक, महेंद्र जैन आणि राफाएल अपित्स-कास्त्रो यांनी त्याची रचना उलगडली. स्पॅनिशमध्ये लसणाला ‘आहो’ म्हणतात, त्यावरून हे नाव. अजोईनही फायब्रिनोजेन आकड्यात अडकू देत नाही, आणि ते ॲलिसिनपेक्षा टिकाऊ आहे. तेव्हा ॲलिसिन रक्तात पोहोचत नाही म्हणून लसणाचा परिणाम शून्य, असंही नाही. तो कमी-जास्त आणि लहरी असतो. माणसांवर केलेल्या चाचण्यांत कधी प्लेटलेटचं चिकटणं थोडं घटलेलं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. लसूण कसा केला, किती खाल्ला, जेवणाबरोबर की उपाशीपोटी, यावर सगळं हलतं. ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज तेवढंच काम करते. पाकळीचं तसं नाही. म्हणून लसूण ॲस्पिरिनची जागा घेऊ शकत नाही, आणि म्हणूनच त्याच्या जोडीला बेभरवशाचा सोबती ठरतो.

बेभरवशाचा म्हणते तो अनुभवावरून. वैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये एका ८७ वर्षांच्या माणसाची नोंद आली. हृदयविकार टळावा म्हणून तो रोज सरासरी चार पाकळ्या खात असे. कुठलाही मार लागलेला नसताना त्याच्या मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव झाला, आणि तपासणीत प्लेटलेटचं काम बिघडलेलं आढळलं. एका माणसावरून नियम बनत नाही, आणि रोजच्या जेवणातल्या शिजलेल्या लसणानं असं होतं असा याचा अर्थ मुळीच नाही. पण भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद हे लक्षात ठेवतात. वनौषधी आणि शस्त्रक्रिया यांवर २००१ मध्ये आलेल्या एका बहुचर्चित आढाव्यात शस्त्रक्रियेआधी किमान सात दिवस लसूण थांबवावा असा सल्ला आहे. तो औषध म्हणून घेतलेल्या लसणाबद्दल, म्हणजे गोळ्या, अर्क आणि कच्च्या पाकळ्यांबद्दल. सातच दिवस का, ते प्लेटलेटच्या आयुष्यावरून लक्षात येईल. तेवढ्यात बहुतेक जुन्या जाऊन नव्या आलेल्या असतात.

तेव्हा बाबांचं असं करा. बारा दिवस हातात आहेत, आजपासूनच सकाळच्या पाकळ्या बंद करा, अख्ख्याही. त्यांतून फारसं काही मिळत नाही हे खरं, पण एखादी चुकून चावली जाते, आणि दाढेच्या जखमेशी असा खेळ कशाला. भाजी-आमटीत पडलेला, नीट शिजलेला लसूण चालेल. दहा मिनिटं उकळल्यावर काय उरतं ते वर पाहिलंच.

ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही थांबवू नका. ही माझी सगळ्यात मोठी काळजी आहे. ‘दोन्ही रक्त पातळ करतात, मग दोन्ही थांबवू’ असं म्हणून लोक ॲस्पिरिन सोडतात, आणि स्टेंट असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. एका दाढेसाठी बहुतेकदा ॲस्पिरिन चालूच ठेवतात आणि रक्त जागेवर दाबून, टाका घालून थांबवतात. तरी निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा, दोघांनी मिळून घेतलेला असावा. बाबा ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखं दुसरं काही घेत असतील, तर पत्रात ते राहून गेलं असेल. त्या गोळीचं पाकीटच बरोबर न्या.

दातांच्या डॉक्टरांना लसणाचं सांगायला लाजू नका. मी एका कागदावर लिहून देते तसं लिहा: ‘वय ६९, स्टेंट, ॲस्पिरिन ७५ रोज, लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या रोज उपाशीपोटी, अमुक तारखेपासून बंद.’ बाबांना विचारलं तर ते ‘औषध फक्त एकच’ असं सांगतील, कारण पाकळीला कुणी औषध म्हणत नाही. विचारलं जात नाही आणि सांगितलंही जात नाही, असंच हे राहून जातं.

दाढ काढून आल्यावर दिलेला कापूस घट्ट चावून ठेवायचा आणि सारखा काढून बघायचा नाही. लाळेत गुलाबी रंग दिवसभर दिसला तरी घाबरू नका, चमचाभर लाळेत थेंबभर रक्तही पुष्कळ वाटतं. अर्धा तास नीट दाबूनही ताजं लाल रक्त भरून येत राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

जखम भरल्यावर, हृदयाच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर बाबांनी जेवणात एखादी ठेचलेली पाकळी घ्यायला माझा विरोध नाही, पण औषध म्हणून नको, चवीसाठी घ्या. आणि आईंना सांगा, वास मारायचा तर मायक्रोवेव्ह बेशक वापरा. त्या पाकळीत चव थोडी उरेल, भावाचं ॲलिसिन मात्र नाही.